मुलाखतींचा तक्ता : १२ उमेदवार, ४ मुलाखतकार, २ खोल्या. मूल्यमापनाचा रकाना कसा ठेवावा?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी जळगाव एमआयडीसीतल्या एका पाईप कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. क्षेत्र अधिकाऱ्याच्या दोन जागांसाठी १२ उमेदवार निवडले आहेत. कृषी पदविका किंवा पदवी झालेली मुलं-मुली आहेत. कुणी भुसावळचं, कुणी चोपड्याचं, तिघं नंदुरबार-शहाद्याकडची, एक नवापूरची. येत्या शनिवारी सगळ्यांना बोलवायचं असं साहेबांचं म्हणणं आहे.

फेऱ्या दोन. पहिली तांत्रिक, तिला उत्पादन व्यवस्थापक आणि गुणवत्ता प्रमुख एकत्र बसतात. दुसरी विक्री व्यवस्थापक आणि आमच्या विभागाच्या मॅडम घेतात. उत्पादन व्यवस्थापक साडेचारनंतर मिळत नाहीत. खोल्या दोन, शिवाय बसायला कॅन्टीनशेजारचा हॉल आहे, तिथं कूलर आहे.

मी तक्ता केलाय : उमेदवाराचं नाव, वेळ, खोली, मुलाखतकार आणि शेवटी 'मूल्यमापन : झाले / बाकी'. एका उमेदवाराची एक ओळ. मागच्या भरतीत हाच तक्ता होता. संध्याकाळी सगळीकडे 'झाले' दिसत होतं आणि चर्चेला बसल्यावर कळलं, पाच जणांचे फॉर्म एकाच मुलाखतकाराने भरलेत. दुसऱ्यांनी "मला आठवतंय, सांगतो" म्हणत तोंडी गुण दिले. त्यात एका मुलीबद्दल जे बोललं गेलं ते दुसऱ्याच मुलीचं होतं, असं मला आजही वाटतं. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. तक्ता कसा बदलू?

धुळेकर

ताई, एवढा विचार कशाला? सगळ्यांना सकाळी १०ला बोलवा, नंबर लावा, एकेकाला आत घ्या. प्रत्येकी १५ मिनिटं धरली तर १२ जणांचे तीन तास. जेवणापर्यंत मोकळे. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालतं. मूल्यमापनासाठी रंग वापरा, हिरवा म्हणजे झालं, पिवळा म्हणजे बाकी. लांबून पण दिसतं.

अमळनेरची_लेक

धुळेकर भाऊ, या 'सगळ्यांना १०ला'चा अनुभव मला उमेदवार म्हणून आहे, म्हणून लिहिते. एका ठिकाणी आम्हाला सगळ्यांना १०ला बोलावलं होतं. माझा नंबर दुपारी साडेचारला आला. तोवर पाणी सोडलं तर काही मिळालं नव्हतं, आणि आत गेल्यावर समोरचे दोघंही इतके थकलेले की माझा प्रकल्प काय होता हेही त्यांनी विचारलं नाही. माझ्याबरोबर साक्रीकडचा एक मुलगा होता. शेवटची एसटी चुकेल म्हणून तो मुलाखत न देताच गेला. तो नापास झाला नव्हता, त्याला बसायला वेळच उरला नव्हता. वेळ ठरवून बोलवा, ताई. प्रत्येकाला त्याची वेळ आणि 'अंदाजे इतक्या वाजता मोकळे व्हाल' हे दोन्ही कळवा.

तिसरी_पाळी

गिरणाकाठ ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. पाच जणांचे फॉर्म एकानेच भरले तरी तक्ता 'झाले' म्हणत होता, याचं कारण ओळ उमेदवाराची होती. मूल्यमापन उमेदवाराचं एक नसतं. ते प्रत्येक मुलाखतकाराचं वेगळं असतं. तुमच्या एका उमेदवारामागे चार फॉर्म आहेत, तांत्रिक फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचे दोन. चार गोष्टींची स्थिती एका चौकटीत मावत नाही. पहिला फॉर्म आला की कुणीतरी 'झाले' करतं, आणि उरलेले तीन दिसेनासे होतात. धुळेकरांचा रंगही तिथंच फसतो, चौकट तर एकच आहे. शिवाय रंग मोजता येत नाही, शब्द मोजता येतो.

म्हणून ओळ बदला. एक ओळ म्हणजे एक फॉर्म. १२ उमेदवार, प्रत्येकी ४, म्हणजे ४८ ओळी. तक्ता लांब दिसेल, पण प्रत्येक ओळीला एकच मालक असेल. पहिल्या दोन उमेदवारांपुरता असा दिसेल :

| उमेदवार | फेरी | खोली | मुलाखतकार | सुरुवात | शेवट | मुलाखत | मूल्यमापन |
|---|---|---|---|---|---|---|---|
| उ-०१ | तांत्रिक | १ | उत्पादन | १०:०० | १०:४० | झाली | जमा |
| उ-०१ | तांत्रिक | १ | गुणवत्ता | १०:०० | १०:४० | झाली | बाकी |
| उ-०१ | दुसरी | २ | विक्री | १०:४० | ११:१० | सुरू | बाकी |
| उ-०१ | दुसरी | २ | मनुष्यबळ | १०:४० | ११:१० | सुरू | बाकी |
| उ-०२ | तांत्रिक | १ | उत्पादन | १०:४० | ११:२० | सुरू | बाकी |
| उ-०२ | तांत्रिक | १ | गुणवत्ता | १०:४० | ११:२० | सुरू | बाकी |

दुसरी ओळ पाहा. उमेदवार पुढच्या खोलीत गेला, गुणवत्ता प्रमुखांचा फॉर्म मात्र राहिलाय. तुमच्या जुन्या तक्त्यात इथं 'झाले' लिहिलं गेलं असतं.

'मुलाखत' आणि 'मूल्यमापन' हे दोन रकाने वेगळेच ठेवा. पहिला उमेदवाराचं काय झालं ते सांगतो : ठरली, हजर, सुरू, झाली, गैरहजर. दुसरा कागदाचं काय झालं ते सांगतो : बाकी, जमा, लागू नाही. उमेदवार गैरहजर असेल तर त्याच्या चारही ओळींत 'लागू नाही' टाकायचंच, नाहीतर 'बाकी'चा आकडा कधी शून्यावर येणार नाही आणि लोक त्या आकड्याकडे बघणं सोडतील.

केळीबाग_रावेर

नमस्कार. माझ्या भावाचं बीएस्सी अॅग्री झालंय, ठिबकच्या दुकानात दोन वर्षं काम केलंय. बायोडाटा कुठे पाठवायचा? शनिवारी येऊ शकेल.

गिरणाकाठ

केळीबाग दादा, या जागांसाठी अर्ज घेणं थांबलंय, १२ जण आधीच निवडलेत. पुढची जाहिरात निघाली की इथंच टाकेन.

तिसरी_पाळी अप्पा, ओळीचं पटलं. आता वेळा बसवते आहे. पण तुम्ही पहिल्या फेरीला ४० मिनिटं धरलीत, साहेब २० म्हणतायत.

तिसरी_पाळी

४० मधली ३० मुलाखतीची आणि १० फॉर्मची. ही १० मिनिटं तक्त्यात छापलेली हवीत. ती नसली की उमेदवार उठला की पुढचा आत येतो, फॉर्म 'जेवताना भरू' वर जातो, आणि जेवताना तीन उमेदवार एकमेकांत मिसळतात. तुमच्या त्या दोन मुलींचं बहुधा असंच झालं असेल. म्हणून 'शेवट' या रकान्यात उमेदवार उठण्याची वेळ लिहू नका. मुलाखतकाराची लेखणी खाली ठेवण्याची वेळ लिहा.

आता हिशोब बघा. दुसऱ्या खोलीत २० अधिक १०, म्हणजे ३० मिनिटं लागतात. पण तिथं उमेदवार पहिल्या खोलीतूनच येतो, त्यामुळे सगळा दिवस हळू खोलीच्या चालीने चालतो. १२ गुणिले ४० म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाशिवाय आठ तास. १०ला सुरू केलं आणि जेवणाची ४० मिनिटं धरली तर पहिली खोली ६:४०ला सुटते. तुमचे उत्पादन व्यवस्थापक ४:३०ला जाणार. म्हणजे एका शनिवारी १२ जण होतच नाहीत. साहेबांना हा गुणाकार कागदावर दाखवा.

एका दिवसात कसेबसे आठ बसतात. पहिल्या खोलीत १०:००, १०:४०, ११:२०, १२:००. मग १२:४० ते १:०० मोकळी, १:०० ते १:४० जेवण, आणि पुढे १:४०, २:२०, ३:००, ३:४०. चार वीसला पहिली खोली संपते. दुसऱ्या खोलीतला शेवटचा उमेदवार ४:२०ला आत जातो, ४:५०ला तिथले फॉर्म पूर्ण होतात. उरलेले चार सोमवारी.

धुळेकर

२० मिनिटांत माणूस कळत नाही का? मी दुकानात नोकर ठेवताना दोन मिनिटांत ओळखतो.

तिसरी_पाळी

भाऊ, दुकानात तुम्ही एकटे ठरवता आणि उद्या तोच माणूस तुमच्या डोळ्यांपुढे असतो. इथं चार जणांना, दोन दिवसांनी, १२ जणांत तुलना करायची आहे. २० मिनिटांची मुलाखत घेता येईल, त्याला माझी ना नाही. मग ३०चा स्लॉट होतो, १२ जणांचे सहा तास. १०ला सुरू, जेवणासह पहिली खोली ४:४०ला सुटेल. तरीही व्यवस्थापकांच्या वेळेपुढे १० मिनिटं जातातच, आणि एकही उशिरा आला तर सगळं कोसळतं. १५ मिनिटांचा स्लॉट धरला तर फॉर्म भरायला वेळच राहत नाही. तेव्हा कमी करायचंच असेल तर प्रश्न कमी करा, फॉर्मची १० मिनिटं कापू नका.

सातपुडा_७

मी नंदुरबारला एका संस्थेत संगणकाचं काम बघतो. ४८ ओळींत डोळ्यांनी टक्कर शोधणं अवघड आहे, सूत्र लावा. वरच्या क्रमाने उमेदवार A मध्ये, खोली C, मुलाखतकार D, सुरुवात E, शेवट F असं धरलं, आणि शीर्षक पहिल्या ओळीत, तर I2 मध्ये हे टाकून खाली ओढा :

```
=SUMPRODUCT(($D$2:$D$49=D2)*($A$2:$A$49<>A2)*($E$2:$E$49<F2)*($F$2:$F$49>E2))
```

शून्यापेक्षा जास्त आकडा आला तर तो मुलाखतकार त्याच वेळी दुसऱ्या उमेदवारासमोरही बसलेला आहे. खोलीची टक्कर शोधायला D च्या जागी C घाला. उमेदवार एकाच वेळी दोन खोल्यांत आहे का ते पाहायला :

```
=SUMPRODUCT(($A$2:$A$49=A2)*($C$2:$C$49<>C2)*($E$2:$E$49<F2)*($F$2:$F$49>E2))
```

एक गोष्ट मात्र पाळा. मुलाखतकाराच्या चौकटीत 'उत्पादन, गुणवत्ता' अशी दोन नावं एकत्र लिहिली तर हे सूत्र काहीच पकडत नाही. त्याला ते तिसरंच नाव वाटतं. अप्पांची 'एक ओळ एक फॉर्म' पद्धत असेल तर हा प्रश्न येत नाही.

गिरणाकाठ

लावलं. दोन गोष्टी विचित्र दिसतायत. शनिवारच्या १०च्या ओळी आणि सोमवारच्या १०च्या ओळी एकमेकांना टक्कर दाखवतायत. आणि उ-०३ च्या ओळींत मी मुद्दाम चूक घातली, गुणवत्ता प्रमुखांना त्याच वेळी दुसरीकडे बसवलं, तरी शून्य!

सातपुडा_७

पहिलं सोपं आहे. तुमच्या वेळेत तारीख नाही, त्यामुळे संगणकाला दोन्ही १० एकच वाटतात. सुरुवात आणि शेवट या चौकटींत तारीख आणि वेळ एकत्र टाका, दाखवताना नुसती वेळ दिसेल असं स्वरूप द्या.

दुसऱ्यासाठी उ-०३ ची वेळ कशी टंकली आहे ते बघा. `11:20` की `11.20`?

गिरणाकाठ

`11.20`. आपण हाताने लिहिताना टिंबच देतो ना.

सातपुडा_७

तेच कारण. टिंब दिलं की ती वेळ राहत नाही, साधा दशांश आकडा होतो, अकरा पूर्णांक दोन. खरी वेळ शीटमध्ये दिवसाचा अंश म्हणून साठवलेली असते, सकाळचे १०:४० म्हणजे ०.४४४ च्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर संगणकाच्या दृष्टीने ते एकमेकांपासून कित्येक दिवस दूर आहेत, म्हणून टक्कर दिसणारच नाही. ही चूक वाईट अशासाठी की कुठेही लाल होत नाही, सगळं स्वच्छ दिसतं. ओळखायचं असेल तर 'शेवट वजा सुरुवात' असा एक रकाना करून मिनिटांत बघा :

```
=ROUND((F2-E2)*1440,0)
```

पहिल्या फेरीत सगळीकडे 40 आणि दुसरीत 30 यायला हवेत. टिंबाची ओळ तिथं लगेच उघडी पडते, तिचा आकडा शेकड्यांत किंवा हजारांत जातो.

आणि तुम्ही मुद्दाम चूक घालून बघितलीत ते चांगलं केलंत. सूत्र शून्य दाखवतंय म्हणून विश्वास ठेवण्याआधी ते लाल होऊ शकतं हे बघायलाच हवं.

गिरणाकाठ

आता ४० आणि ३० नीट आले. पण काही ठिकाणी एकाची मुलाखत ११:२०ला संपते आणि दुसऱ्याची ११:२०लाच सुरू होते, तिथंही 1 दाखवतंय. सगळीकडे नाही, दोन-तीन ओळींतच. वेळा मी आधीच्या वेळेत `TIME(0,40,0)` मिळवत केल्यात.

सातपुडा_७

पुन्हा पुन्हा मिळवत गेलं की अगदी शेवटच्या दशांशात बारीक फरक पडतो. डोळ्याला दोन्ही ११:२० दिसतात, आत एक केसभर पुढे असतो. मिळवल्यावर मिनिटाला पक्कं करा :

```
=ROUND((E2+TIME(0,40,0))*1440,0)/1440
```

सुरुवात आणि शेवट, दोन्ही रकान्यांत असंच करा. टेकलेल्या वेळा मग टक्कर दाखवणार नाहीत.

अमळनेरची_लेक

सूत्रांत माझं डोकं चालत नाही, पण गाडीचं सांगते. सुरत-भुसावळ मार्गावरून येणारी मुलं नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असं करत जळगावला पोचतात. शहाद्याच्या मुलाला रेल्वेच नाही, त्याला आधी एसटीने निघावं लागतं. त्यांना १०:००ची वेळ देणं म्हणजे आदल्या रात्री या म्हणणं. भुसावळ, जळगाव, यावलची मुलं सकाळी घ्या, नंदुरबारकडची ११:२०नंतर. आणि फार उशिराची शेवटची वेळही त्यांना नको, परत जायचंय.

गिरणाकाठ

हे करते. पण गाडी लेट झाली आणि कुणी ११:२०च्या ऐवजी १२ला पोचलं तर? मागच्या वेळी आम्ही सगळ्यांना ४० मिनिटं पुढे सरकवलं होतं.

तिसरी_पाळी

सगळ्यांना सरकवू नका. एकाच्या गाडीची शिक्षा उरलेल्यांना होते, आणि चार मुलाखतकारांकडचे छापील तक्ते त्या क्षणी खोटे पडतात. मग खोली १ जुन्या तक्त्यावर चालते आणि खोली २ नव्या. उशिरा आलेल्याला मोकळ्या स्लॉटमध्ये टाका, बाकी कुणाची वेळ हलवू नका.

इथं माझ्या आठ अधिक चारच्या आराखड्यातलं एक उणं दिसतं. त्यात मोकळी फक्त २० मिनिटं आहेत, त्यात ४०चा स्लॉट बसत नाही. सहा आणि सहा केले तर दोन्ही दिवशी १२:०० आणि ३:४० हे दोन पूर्ण स्लॉट मोकळे राहतात. उ-०३ ११:२०ला आला नाही तर त्याच्या चार ओळींतल्या वेळा बदला, पहिल्या खोलीत १२:००, दुसऱ्या खोलीत १२:४०. सूत्र शून्य आहे ना बघा आणि चौघांना फोनवर सांगा. नवी ओळ घालू नका. घातली तर 'बाकी'चा हिशोब बिघडतो, आणि सूत्रं ४९व्या ओळीपर्यंतच बघतात.

केळीबाग_रावेर

ताई, भावाचं सोडा, माझा एक प्रश्न. मी एका शिक्षणसंस्थेत तासिका तत्त्वावर मुलाखतीला गेलो होतो. दारावर तक्ता लावला होता, त्यात नावापुढे जातीचा प्रवर्ग, मोबाईल नंबर आणि आधी आलेल्यांचे गुणसुद्धा होते. मला ते बघूनच कसंतरी झालं. तुमच्या तक्त्यात पण हे सगळं असेल का?

गिरणाकाठ

नाही दादा. दारावरच्या कागदावर फक्त उमेदवार क्रमांक, वेळ आणि खोली. नावं आणि फोन नंबर वेगळ्या पानावर, ते माझ्याकडे आणि मॅडमकडेच. गुण तर या तक्त्यात येतच नाहीत. इथं फॉर्म 'जमा' एवढंच दिसतं, फॉर्म बंद पाकिटात माझ्याकडे येतो.

धुळेकर

गुण तक्त्यातच टाकले तर सरासरी आपोआप निघेल ना? चौघांचे गुण, भागिले चार, वरचे दोन घ्या. चर्चाच नको.

तिसरी_पाळी

सरासरी काढा, पण सगळे फॉर्म जमा झाल्यावर. गुण तक्त्यात दिसायला लागले की दुसरा माणूस लिहिण्याआधी पहिल्याचा आकडा बघतो. हाताखालचा माणूस तर हमखास बघतो. मग चार फॉर्म येतात, मत मात्र एकच असतं. आणि सरासरीत फक्त आकडा उरतो. तांत्रिकमध्ये दोघांनी ५ पैकी ३ दिले आणि दुसऱ्या उमेदवाराला एकाने ५ तर दुसऱ्याने १ दिला, तर दोघांची सरासरी ३च. पण दुसऱ्यावर बोलावंच लागेल, एकाला काहीतरी दिसलंय जे दुसऱ्याला दिसलं नाही. चर्चा तिथं करायची असते.

चर्चा सुरू करण्याची अट एकच ठेवा, हा आकडा शून्य :

```
=COUNTIF($H$2:$H$49,"बाकी")
```

शीटच्या अगदी वरच्या भागात, मोठ्या अक्षरात, वेगळ्या चौकटीत ठेवा.

सातपुडा_७

अप्पा, एका ठिकाणी माझं जरा वेगळं मत आहे. एकाच खोलीत शेजारी बसलेल्या दोघांनी मुलाखतीनंतर आपसात बोलूच नये, हे व्यवहारात होत नाही. उमेदवार दाराबाहेर गेला की लगेच एकमेकांकडे बघतात. आणि कधी कधी त्या दोन वाक्यांत चूक सुधारते. एकाला उत्तर नीट ऐकू आलेलं नसतं, दुसऱ्याला आलेलं असतं.

तिसरी_पाळी

बोलावं, पण लिहून झाल्यावर. पहिली पाच मिनिटं गप्प राहून लिहायचं, उरलेल्या पाचात बोलायचं. बोलल्यावर गुण बदलायचा असेल तर जुना आकडा खोडायचा नाही, शेजारी नवा लिहून सही करायची.

सातपुडा_७

बदलू द्यावं की नाही, हाच माझा प्रश्न आहे. बदललं की पुन्हा ज्येष्ठांकडेच झुकतं.

तिसरी_पाळी

मी बदलू देतो. जुना आकडा दिसत राहिला तर झुकलं की नाही तेही चर्चेत दिसतं. पण तुमची शंका खरी आहे, सगळीकडे हे जमतंच असं मी म्हणणार नाही.

धुळेकर

सरासरीचं उदाहरण बरोबर शे अप्पा, ते लक्षात आलं नव्हतं. १५ मिनिटांवर मात्र मी अजून ठाम आहे, निदान दुसऱ्या फेरीला.

गिरणाकाठ

साहेबांना गुणाकार दाखवला. ४८० मिनिटं बघून त्यांनी सोमवार मान्य केला, पण ते म्हणतात आठ आणि चार, कारण विक्री व्यवस्थापकांना सोमवारी दुपारी चाळीसगावला जायचंय. सहा आणि सहा केले तर सोमवारी दुपारच्या तीन मुलाखतींना दुसऱ्या खोलीत एकच माणूस उरतो, म्हणजे तीन फॉर्म कमी. बाकी नऊ जणांना चौघांनी बघायचं आणि तिघांना तिघांनी, हे मला पटत नाही. उद्या त्यांना विचारते, चाळीसगाव मंगळवारी होईल का. नाही म्हणाले तर आठ-चारच ठेवून शनिवारचे आठही जवळचे घेईन, भुसावळ, चोपडा, यावल, जळगाव अशी नेमकी आठ मुलं आहेत. नंदुरबार-शहादा-नवापूरकडची चौघं सोमवारी ११:२० आणि १२:००ला दोन, १:४० आणि २:२०ला दोन. पण मग दुपारच्या दोघांना विक्री व्यवस्थापक भेटतच नाहीत, तोच प्रश्न पुन्हा. सकाळी १०चा स्लॉट या मुलांना देता येत नाही.

अमळनेरची_लेक

चौघांतलं कुणी आदल्या दिवशी जळगावात नातेवाईकांकडे थांबणार असेल तर १०:०० आणि १०:४० चालतील. फोन करून विचारा ताई, आपण परस्पर ठरवण्यापेक्षा.

गिरणाकाठ

विचारते. चौघांचे फोन उद्या सकाळीच करते, म्हणजे साहेबांकडे जाताना तक्ता भरलेला असेल.